कागदाच्या डाव्या हाताला हृदयाची उजवी बाजू

सातवी-आठवीच्या वह्या तपासताना एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की हृदयाचं पान उघडलं की माझी नजर आधी तिथंच जाते. आकृती सुबक, रंग नीट भरलेले, रेघा पट्टीनं ओढलेल्या. पण कागदाच्या डाव्या बाजूला ‘डावे अलिंद’ आणि उजव्या बाजूला ‘उजवे अलिंद’ लिहिलेलं. पोरांचा दोष नाही. डाव्या हाताला दिसतं ते डावं, हे त्यांचं म्हणणं सरळच आहे.

आधी मी सांगायचो, ‘समोर माणूस उभा आहे असं समजा.’ दोन दिवस लक्षात राहायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एकदा जायकवाडीचं उदाहरण दिलं आणि ते टिकलं. गोदावरीवरच्या या पैठणच्या धरणाला दोन कालवे आहेत. डावा कालवा जालना-परभणीच्या बाजूला जातो, उजवा बीड-माजलगावच्या बाजूला. आता धरणाच्या भिंतीवर नाथसागराकडे, म्हणजे अडवलेल्या पाण्याकडे तोंड करून उभे राहा. डावा कालवा तुमच्या उजव्या हाताला येतो. मग त्याला डावा का म्हणायचं? कारण नदीचं डावं-उजवं बघणाऱ्यावर ठरत नाही. नदी ज्या दिशेला वाहते तिकडं तोंड करून ते ठरवतात. गोदावरीला स्वतःचा डावा काठ आहे आणि तुम्ही कुठंही उभे राहिलात तरी तो बदलत नाही.

हृदयाचंही तसंच. डावं-उजवं हे ज्याच्या छातीत ते धडधडतंय त्याचं. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याची उजवी बाजू कागदावर आपल्या डाव्या हाताला येते. एवढं पक्कं झालं की पुढचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

आता एक कोरा कागद घ्या. पुस्तकातली आकृती उतरवू नका. त्यातल्या वळणावळणाच्या नळ्या काढण्यातच तास संपतो. एक मोठा चौकोन काढा आणि त्याच्या मध्यावर अधिकचं चिन्ह काढून चार खोल्या करा. शहरातल्या चार खोल्यांच्या घरासारखं. फक्त या घराची रचना थोडी विचित्र आहे.

```
 कागदाचा डावा हात      कागदाचा उजवा हात
+------------------+------------------+
|   उजवे अलिंद     |   डावे अलिंद     |
+---- झडप १ -------+---- झडप ३ -------+
|   उजवे निलय      |   डावे निलय      |
+------------------+------------------+
 झडप २ मधून          झडप ४ मधून
 फुप्फुसांकडे         सर्व शरीराकडे
```

वरच्या दोन खोल्या म्हणजे अलिंदं. त्या येणाऱ्या रक्ताच्या खोल्या, भिंती पातळ. खालच्या दोन निलयं. त्या बाहेर ढकलणाऱ्या, भिंती जाड. वरून खाली जायला दोन्ही बाजूंना एकेक दार आहे. निलयातून बाहेर पडायला एकेक. अशी एकूण चार दारं, आणि चारही एकाच दिशेनं उघडणारी. पण मधल्या उभ्या भिंतीला दार नाही. तिच्यावरून पेन दोनदा फिरवा, रेघ ठळक करा. उजव्या बाजूच्या घरातून डाव्या बाजूच्या घरात जायचं असेल, तर बाहेर पडून, फुप्फुसांना वळसा घालूनच जावं लागतं.

ही भिंत ठळक करायला सांगतो त्याला कारण आहे. पोरांना बाण काढायला सांगितले की चार-पाच जण हमखास उजव्या निलयातून थेट डाव्या निलयात बाण मारतात. त्यांना रागवायची माझी हिंमत होत नाही, कारण हीच चूक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या फार मोठ्या वैद्यानं केली होती. मधल्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आहेत आणि त्यातून रक्त झिरपतं, असं त्यानं लिहून ठेवलं. युरोपातल्या वैद्यांनी ते जवळजवळ चौदाशे वर्षं खरं मानलं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्यानं लिहिलं, की भिंत भरीव आहे, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं. पण त्याचं लिखाण त्या काळी फार लांब पोचलं नाही. तेव्हा आठवीतल्या पोरानं तो बाण मारला तर त्याची संगत थोरामोठ्यांची आहे.

आता दोन पेनं घ्या, एक निळं आणि एक लाल. आपण एकाच थेंबाच्या मागं मागं जायचंय. थेंब समजा पायाच्या अंगठ्यातून निघाला. तिथल्या पेशींना त्यानं ऑक्सिजन दिला, त्यांचा कार्बन डायऑक्साइड घेतला. पेन निळं. पायातल्या शिरेतून तो मांडीत, तिथून पोटात आणि मग अधोमहाशिरेत येतो. डोक्याकडून आणि हातांकडून येणारे थेंब ऊर्ध्वमहाशिरेतून येतात. दोन्ही महाशिरा उजव्या अलिंदात रिकाम्या होतात. चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे हृदयाच्या उजव्या अलिंदात, निळा बाण आत आणा. मग खाली उजव्या निलयात. उजवं निलय आवळलं की थेंब फुप्फुसधमनीत जातो. ही धमनी दोन फाट्यांत फुटून दोन्ही फुप्फुसांकडे जाते.

फुप्फुसांत धमनी फुटत फुटत केसाहून बारीक होते. त्या केशवाहिन्यांच्या अगदी अंगाला लागून हवेचे फुगे असतात. इथं देवाणघेवाण होते. निळं पेन खाली ठेवा, लाल उचला. थेंब आता फुप्फुसशिरांमधून परत निघतो. या शिरा साधारण चार असतात, प्रत्येक फुप्फुसातून दोन. त्या डाव्या अलिंदात येतात. तिथून डावं निलय, तिथून महाधमनी, आणि महाधमनीच्या फांद्यांतून फिरत फिरत थेंब पुन्हा अंगठ्यात पोचतो.

बाण काढताना पोरांची पेनं एका जागी हमखास अडखळतात. ‘सर, धमनीत लाल रक्त असतं ना? मग फुप्फुसधमनी निळी कशी?’ असं विचारणाऱ्याची पाठ थोपटावी असं मला वाटतं, कारण हा प्रश्न त्याला पडला म्हणजे तो खरंच बाणाच्या मागं चाललाय. धमनी आणि शीर हा भेद रंगावर नाहीच. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. बाकी सगळ्या शरीरात दूर जाणारं रक्त लाल असतं, म्हणून धमनी म्हणजे लाल असा समज होतो. फुप्फुसाच्या फेऱ्यात मात्र हे उलटं आहे. जाणारं निळं, येणारं लाल.

आणि ‘निळं’ हे नुसतं कागदावरचं बरं का. दवाखान्यात हाताच्या शिरेतून रक्त काढतात तेव्हा सिरिंजमध्ये बघा. ते गडद, पिकल्या जांभळाच्या रसासारखं लाल असतं, निळं नाही. त्यातला ऑक्सिजन संपलेलाही नसतो. फुप्फुसांतून निघताना सोळा आणे भरलेलं रक्त शरीरभर फिरून, माणूस निवांत असेल तर, साधारण बारा आणे घेऊनच परत येतं. चार आणे खर्च. धावपळ केली की खर्च वाढतो.

आता थोडा हिशोब. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचं डावं निलय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, म्हणजे अर्धा कप चहाच्या आसपास. मिनिटाला 72 ठोके धरले तर पाच लिटर. तासाला तीनशे लिटर. आपल्याकडे टँकर आला की ज्यात पाणी भरून ठेवतात तो दोनशे लिटरचा निळा ड्रम डोळ्यांपुढं आणा. तासाभरात असे दीड ड्रम. एवढं रक्त शरीर रोज नव्यानं तयार करत असेल का? इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं 1628 साली छापलेल्या पुस्तकात नेमका हाच हिशोब मांडला. त्याचे आकडे आपल्याहून बरेच लहान होते, तरी उत्तर तेच निघालं. खाल्लेल्या अन्नातून एवढं रक्त रोज बनूच शकत नाही, म्हणजे तेच तेच रक्त फिरत असलं पाहिजे. फक्त धमन्यांमधून ते शिरांमध्ये कसं जातं, हे त्याला दिसलं नव्हतं. ते 1661 मध्ये मार्सेलो माल्पीघीनं सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिलं.

मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त साधारण पाच लिटर असतं आणि हृदय मिनिटाला तेवढंच ढकलतं. म्हणजे आपला थेंब सरासरी मिनिटभरात फेरी पुरी करतो.

आता वर्गात विचारायचा माझा आवडता प्रश्न. डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या जवळपास तिप्पट जाड असते. मग डावी बाजू रक्तही तिप्पट ढकलत असेल ना? बहुतेक हात वर जातात. उत्तर ‘नाही’ आहे. दोन्ही बाजू दर ठोक्याला सारखंच रक्त ढकलतात. त्यांना दुसरा पर्यायच नाही.

असं समजा की विहिरीवर एक मोटार आहे आणि ती पाणी जवळच्या शेततळ्यात टाकते. तळ्यावर दुसरी मोटार आहे, ती पाणी वरच्या माळावरच्या रानात चढवते. माळ उंच आहे म्हणून दुसरी मोटार जास्त एचपीची लागते. पण पाणी? पहिली जेवढं टाकेल तेवढंच दुसरीनं उचललं पाहिजे. पहिलीनं जास्त टाकलं तर तळं फुटेल, दुसरीनं जास्त उचललं तर तळं कोरडं पडेल. फुप्फुसं म्हणजे ते तळं. समजा उजव्या बाजूनं दर ठोक्याला फक्त एक मिलिलिटर, चमच्याचा पाचवा भाग, जास्त ढकललं. मिनिटाला 72 मिलिलिटर साठलं. दहा मिनिटांत 720. फुप्फुसांच्या वाहिन्यांत एरवी एकूण अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे दहा मिनिटांच्या आतच तिथं दुपटीहून जास्त रक्त होईल. निरोगी हृदय असं होऊ देत नाही. ज्या निलयात जास्त रक्त येतं त्याचा स्नायू जास्त ताणला जातो, आणि ताणलेला स्नायू पुढच्या ठोक्याला जास्त जोरानं आवळतो. हिशोब आपोआप जुळतो.

फरक आहे तो जोराचा. फुप्फुसं हृदयाला खेटूनच आहेत आणि त्यांच्या वाहिन्या मोकळ्या असतात, म्हणून उजव्या निलयाला पाऱ्याचा 25 मिलिमीटरच्या आसपासचा दाब पुरतो. डाव्या निलयाला मात्र डोक्यापासून तळपायापर्यंत रक्त पोचवायचंय. त्याला 120 लागतो. दवाखान्यात बीपी मोजून ‘120 बाय 80’ सांगतात त्यातला वरचा आकडा हाच.

आणखी एक गोष्ट थेंबाच्या मागं जाताना नजरेतून निसटते. आपण थेंब आधी उजवीकडे नेला, मग डावीकडे. त्यामुळं आधी उजवी बाजू आवळते, मग डावी, असं वाटायला लागतं. तसं नाही. दोन्ही अलिंदं एकदम आवळतात, लगेच दोन्ही निलयं एकदम. विहिरीवरची मोटार आणि तळ्यावरची मोटार एकाच स्टार्टरवर आहेत म्हणा.

दारांकडे येऊ. बोअर किंवा विहीर असलेल्या घरातल्या पोरांना झडप समजावायला वेळ लागत नाही. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला फुटवॉल असतो. मोटार ओढते तेव्हा तो उघडतो. मोटार बंद झाली की वरच्या पाण्याच्या वजनानं मिटतो आणि पाइपात पाणी धरून ठेवतो. त्याला वीज लागत नाही, कुणी उघडावं-मिटावं लागत नाही. ज्या बाजूला दाब जास्त, त्याप्रमाणं तो वागतो. हृदयाच्या चारही झडपा अशाच आहेत, त्यांना स्वतःचा जोर नाही. आणि फुटवॉलमध्ये खडा अडकला की काय होतं हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पाणी खाली उतरून जातं आणि सकाळी पुन्हा पाइप भरत बसावं लागतं.

अलिंद आणि निलय यांच्या मधल्या दोन झडपांना, उजवीकडच्या त्रिदलाला आणि डावीकडच्या द्विदलाला, खालून बारीक पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या असतात. त्या झडप उघडायला आहेत असं पुष्कळांना वाटतं. खरं काम उलटं आहे. निलय जोरानं आवळतं तेव्हा झडप वादळातल्या छत्रीसारखी वर उलटी होऊ नये, म्हणून त्या दोऱ्या तिला खाली धरून ठेवतात. बाहेरच्या दोन झडपांना दोऱ्या लागत नाहीत. त्या तीन-तीन अर्धचंद्राकृती खिशांच्या असतात. रक्त परत यायला लागलं की खिसे भरतात आणि एकमेकांना चिकटतात. ‘लब-डब’ ऐकू येतं ते याच मिटण्याचं. ‘लब’ म्हणजे आतल्या दोन झडपा मिटल्या, ‘डब’ म्हणजे बाहेरच्या दोन.

हे सगळं हातात घेऊन बघायचं असेल तर मटणाच्या दुकानात जा. पण शब्द सांभाळून. पंक्तीत, कवितेत काळीज म्हणजे हृदय. दुकानात काळीज मागितलं तर हातात यकृत पडतं. तिथं ‘दिल’ मागायचं, आणि वरच्या नळ्या मुळापासून छाटू नका म्हणून आधीच सांगायचं, नाहीतर नुसता मांसाचा गोळा मिळतो. घरी आणून धुतल्यावर दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बाजू दाबून बघा. एक बाजू मऊ, आत जाणारी, दुसरी कच्च्या पेरूसारखी टणक. टणक ती डावी. खालचं निमुळतं टोकही तिचंच. आता वरच्या नळ्यांत एकेक करून बोट घाला. जे बोट टणक बाजूच्या पोकळीत उतरलं आणि ज्या नळीची भिंत रबरासारखी जाड लागली, ती महाधमनी. तिच्यात वरून हळूच पाणी ओता. ती पुरेशी लांब ठेवलेली असेल तर आत तीन खिसे फुगून मिटतात आणि पाणी अडतं. वरून बघितलं तर त्या खिशांच्या जरा वर, भिंतीत, दोन बारीक भोकं दिसतील. ती लक्षात ठेवा, शेवटी त्यांचं काम आहे.

आता या आकृतीचा खरा उपयोग. बाण पुढं नेता येतात तसेच मागंही नेता येतात, आणि आजार समजून घ्यायला मागं जाणंच जास्त कामाचं.

धरून चाला, बीड जिल्ह्यातली एक तिशीची बाई. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. लहानपणी एकदा घसा दुखून ताप आला होता, नंतर गुडघे-घोटे सुजले होते. आपोआप बरं झालं म्हणून घरचे विसरले. या हंगामात ती म्हणते, ‘मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढलं की दम लागतो. रात्री उताणं झोपलं की जीव घाबरा होतो, उठून बसलं की बरं वाटतं.’ फडावरच्या बाया म्हणतात, अंगात रक्त कमी असेल. दमा असेल.

घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध लढताना शरीराची संरक्षण यंत्रणा कधी कधी चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पुन्हा बरे होतात. झडपांवर मात्र व्रण राहतो, वारंवार तसं झालं तर वर्षानुवर्षं ती जाड होत, कडांना चिकटत जाते. सगळ्यात जास्त मार बसतो डाव्या अलिंद-निलयामधल्या द्विदल झडपेला. एरवी ती उघडली की 4 ते 6 चौरस सेंटिमीटर वाट मिळते, म्हणजे साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढी. आता समजा ती एक चौरस सेंटिमीटरवर आली. शर्टाच्या गुंडीएवढी.

आपल्या चौकोनातल्या ‘झडप ३’ वर फुली मारा आणि बाणाच्या उलट चाला. झडपेच्या मागं काय आहे? डावं अलिंद. तिथं रक्त तुंबतं, अलिंद फुगतं. त्याच्या मागं फुप्फुसशिरा, त्यांच्या मागं फुप्फुसांच्या केशवाहिन्या. तिथला दाब वाढला की त्यातलं पाणी हवेच्या फुग्यांच्या बाजूला पाझरतं. हा दम लागण्याचा उगम. बिघाड हृदयाच्या दारात, त्रास फुप्फुसात. उताणं झोपल्यावर पायांत साठलेलं रक्त छातीकडे परत येतं, तुंबा वाढतो. उठून बसलं की पुन्हा खाली उतरतं, म्हणून बरं वाटतं.

मोळी चढवतानाच त्रास का जास्त? निलय शिथिल असतं तेव्हाच त्यात वरून रक्त उतरतं. निवांत असताना एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतात, त्यात 0.5 सेकंद विश्रांतीचे. ठोके वाढले की आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, विश्रांतीचा मात्र झपाट्यानं कमी होतो. रुंद दाराला ते चालून जातं. गुंडीएवढ्या दाराला नाही. गरोदरपणातही अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात, म्हणून पुष्कळ बायांचा हा आजार पहिल्यांदा तेव्हाच उघडा पडतो.

अजून मागं चला. फुप्फुसांतला दाब वाढलेलाच राहिला तर फुप्फुसधमनीतही वाढतो. 25 च्या जोरावर चालणाऱ्या उजव्या निलयाला आता दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागतो. काही वर्षांनी ते थकतं. मग तुंबा उजव्या अलिंदात, तिथून महाशिरांत जातो. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात, यकृत सुजतं, संध्याकाळी पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो. एका दारावरची फुली, आणि बाणाच्या उलट चालत चालत आपण पायाच्या सुजेपर्यंत आलो.

डॉक्टर छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवतात तेव्हा ‘डब’ नंतर, म्हणजे निलय भरत असताना, एक खोल गुरगुर ऐकू येते. पक्कं निदान टूडी इकोनं होतं, त्यात दाराचं माप मिळतं. गोळ्या दोन कामांच्या असतात. एक जादा पाणी लघवीवाटे काढणारी, दुसरी ठोके सावकाश करणारी, म्हणजे निलयाला भरायला वेळ मिळावा. झडप पुन्हा दुखावू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं चालू ठेवतात. फडावर स्थलांतर करणाऱ्या बाईचं नेमकं हेच चुकतं, कारण कार्ड गावाकडच्या दवाखान्याचं आणि पाच-सहा महिने मुक्काम कारखान्यावर.

झडपेची ठेवण बरी असेल तर छाती न उघडता फुग्यानं ती रुंद करता येते. जपानच्या कांजी इनोऊ या शल्यविशारदानं ही पद्धत 1984 मध्ये जगापुढं मांडली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवतात. इथं थांबा आणि बोट आकृतीवर ठेवा. शिरेतून वर गेलेली नळी कुठल्या खोलीत पोचेल? उजव्या अलिंदात. आणि झडप तर डावीकडे. मधल्या भिंतीला दार नाही म्हणून आपण तिच्यावर दोनदा पेन फिरवलं होतं. मग करतात काय? दोन अलिंदांमधल्या पातळ पडद्याला सुईनं भोक पाडून नळी पलीकडे नेतात, फुगा झडपेत ठेवून फुगवतात. पडद्यातलं ते भोक बहुतेकांत नंतर आपोआप लहान होतं किंवा बुजतं.

आता कागद उलटा करा. चौकोन मनात आणा आणि चार प्रश्न सोडवा. घाईनं खालचं उत्तर वाचू नका, आधी बोटानं वाट काढा.

पहिला. ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून असलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि सुटली. ती अडकेल कुठं, मेंदूत की फुप्फुसात? पायाची शीर, अधोमहाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसधमनी. इथपर्यंत वाट रुंदच होत आली. आता पहिल्यांदा ती अरुंद होते, म्हणून फुप्फुसात. आपल्या ऊसतोडीच्या बाईची गोष्ट वेगळी. तिच्या फुगलेल्या डाव्या अलिंदात रक्त रेंगाळून गुठळी झाली, तर ती डावं निलय, महाधमनी, मान अशी थेट मेंदूत जाऊ शकते. अशा बाईला अचानक अर्धांगाचा झटका येतो तो यामुळं.

दुसरा. हाताच्या शिरेतून सलाइन लावलंय, औषध पायाच्या जखमेपर्यंत जायचंय. ते हृदयातून किती वेळा जाईल आणि किती झडपा ओलांडेल? दोन वेळा, चार झडपा. उत्तर ‘एकदा’ आलं असेल तर तुमचा थेंब फुप्फुसात गेलाच नाही. गेलनची भिंत पुन्हा तपासा.

तिसरा. एका बाळाच्या दोन निलयांमधल्या भिंतीला जन्मतःच भोक आहे. बाळ निळं पडेल का? दाब आठवा, डावीकडे 120, उजवीकडे 25. रक्त भोकातून डावीकडून उजवीकडे घुसेल, म्हणजे लाल रक्त निळ्यात मिसळेल. शरीराला जाणारं रक्त लालच राहतं, म्हणून बाळ सुरुवातीला निळं पडत नाही. पण फुप्फुसांकडे दुप्पट फेरा होतो. भोक मोठं असेल तर बाळाला दूध ओढताना धाप लागते, कपाळावर घाम येतो आणि वजन वाढत नाही. आई म्हणते, ‘पीतंय थोडं, दमून झोपतंय लगेच.’ पुढं अनेक वर्षं फुप्फुसांतला दाब वाढतच गेला तर प्रवाह उलटू शकतो आणि मग ओठ निळे दिसायला लागतात. तोवर भोक बुजवण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

चौथा. हृदयाच्या पोकळीतून मिनिटाला पाच लिटर रक्त जातं. मग हृदयाचा स्नायू त्यातलंच पितो का? नाही. आतल्या रक्तातून जाड भिंतीला जवळजवळ काहीच मिळत नाही. दिलाच्या महाधमनीत झडपेच्या वर दोन बारीक भोकं पाहिली ना, ती हृदयधमन्यांची तोंडं. डाव्या निलयातून थेंब बाहेर पडला की त्याला भेटणारे पहिले दोन फाटे हेच. ते हृदयाच्या बाहेरून वळसा घालून स्नायूत शिरतात. यातला एखादा चोंदला की हार्ट अटॅक येतो, पोकळीत कितीही रक्त भरलेलं असलं तरी. तुमच्या चौकोनात हा बाण अजून नाही. झडप चारच्या लगेच पुढं लाल पेनानं एक छोटा फाटा काढा, तो चौकोनाच्या भिंतीत वळवा, भिंतीतून निघताना निळा करा आणि उजव्या अलिंदात आणून सोडा.